जुना डबा, नवा भाव

१४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले. कच्च्या सोयाबीन, सूर्यफूल आणि पाम तेलावर उपकरांसह ५.५ टक्के शुल्क होते, ते २७.५ टक्के झाले. रिफाइंड तेलावरचे शुल्क १३.७५ टक्क्यांवरून ३५.७५ टक्क्यांवर गेले. सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली रेंगाळत होता आणि नवे पीक बाजारात यायची वेळ झाली होती, म्हणून हा निर्णय. पण पुढे दसरा-दिवाळी होती आणि तेलाच्या डब्याचे भाव चढायला लागले. तेव्हा केंद्राच्या अन्न विभागाने तेल उद्योगाच्या संघटनांना बोलावून सांगितले की कमी शुल्कात आलेले सुमारे ३० लाख टन तेल देशात शिल्लक आहे, ते ४५ ते ५० दिवस पुरेल. तेवढा साठा संपेपर्यंत छापील किमती वाढवू नका.

गिऱ्हाईक दुकानदाराला विचारते तेच सरकार विचारत होते. माल जुन्या भावाने आणलेला आहे, मग विकताना नवा भाव कशासाठी? दुकानदाराचेही उत्तर ठरलेले असते. हा डबा विकल्यावर त्याच्या जागी जो डबा आणायचा आहे तो मला नव्या भावानेच मिळणार आहे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. दोघे एकाच डब्याची किंमत दोन वेगळ्या ठिकाणाहून मोजतात, एवढेच.

भाव काय लावायचा हा वाद बाजारात रोजच्या रोज मिटतो. वहीत मात्र तो तसाच उरतो. विकून झालेला डबा आपल्याला नेमका कितीला पडला होता, हे वर्षाच्या शेवटी ठरवावेच लागते, कारण विक्रीतून ती रक्कम वजा केल्याशिवाय नफा निघत नाही. सगळा माल एकाच भावाने घेतला असता तर प्रश्नच नव्हता. भाव बदलत असताना घेतलेला, एकमेकांत मिसळून गेलेला आणि दिसायला अगदी सारखा माल असला की ही रक्कम मोजण्यासाठी काही तरी नियम धरावा लागतो. आपल्याकडे दोन नियम चालतात. ‘आधी आलेला माल आधी गेला’ असे धरणे, ज्याला सगळे फिफो म्हणतात, हा पहिला. सगळ्या मालाची भारित सरासरी काढून त्या दराने हिशेब करणे हा दुसरा. कोणता नियम धरला यावर विकलेल्या मालाची किंमत बदलते, म्हणून नफा बदलतो, म्हणून करही बदलतो. किती बदलतो हे एका साध्या उदाहरणावरून पाहू.

लातूरच्या बाजारातला एखादा घाऊक तेल-व्यापारी डोळ्यांसमोर आणा. तो सोयाबीन तेलाचे १५ किलोचे डबे विकतो. आकडे मी हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत. जीएसटी बाजूला ठेवला आहे आणि दरात गाडीभाडे व हमाली धरली आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याच्या गोदामात ४०० डबे होते, प्रत्येकी १,६०० रुपयांना पडलेले. शुल्क वाढण्याआधी त्यातले २०० त्याने १,६५० ने विकले. शुल्क वाढल्यावर ३०० डबे आणले, ते १,८०० ला पडले. मग ३०० डबे १,८६० ने गेले. दिवाळीच्या तोंडावर आणखी ३०० डबे आले, ते २,००० ला पडले, आणि त्यानंतर २०० डबे २,०६० ने विकले गेले.

बेरीज करू. गोदामात होता आणि आला असा एकूण माल १,००० डबे, त्याची किंमत १७,८०,००० रुपये. विकले ७०० डबे, विक्री १३,००,००० रुपये. दिवाळीनंतर गोदामात ३०० डबे उरले. इथपर्यंत मतभेदाला जागा नाही, कारण प्रत्येक आकड्यामागे बिल आहे. आता १७,८०,००० ही रक्कम दोन भागांत वाटायची आहे: गेलेल्या ७०० डब्यांचा एक भाग, उरलेल्या ३०० डब्यांचा दुसरा. पहिला भाग नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून जातो, दुसरा ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसतो. एकात एक रुपया जास्त घातला की दुसऱ्यात एक रुपया कमी होतो. साठ्याच्या मूल्यांकनाचा सगळा विषय या वाटणीपुरताच आहे.

फिफोने वाटणी अशी होते. जे ७०० डबे गेले त्यात १,६०० चे सगळे ४०० आणि १,८०० चे सगळे ३००. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ११,८०,०००. उरलेले ३०० डबे शेवटच्या खरेदीतले, २,००० च्या दराने ६,००,०००. ढोबळ नफा १,२०,०००.

सरासरीने वाटणी करायची तर १७,८०,००० ला १,००० ने भागायचे. दर डब्याला १,७८०. विकलेल्या ७०० डब्यांची किंमत १२,४६,०००, उरलेल्या ३०० ची ५,३४,०००. ढोबळ नफा ५४,०००. सरासरीला ‘भारित’ म्हणतात कारण ती डब्यांच्या संख्येने तोलून काढलेली असते. १,६००, १,८०० आणि २,००० यांची नुसती सरासरी १,८०० येते. स्वस्त डबे जास्त होते ही गोष्टच त्यात हरवते आणि वाटणीची बेरीजही १७,८०,००० ला जुळत नाही. नवख्या कारकुनाची ही चूक अशी लगेच पकडता येते.

तोच व्यापारी, तेच डबे, तीच बिले, गल्ल्यात आलेले तेच पैसे; आणि नफा एका रीतीने १,२०,०००, दुसऱ्या रीतीने ५४,०००. फरक ६६,००० चा. हाच फरक उरलेल्या साठ्याच्या किमतीत दिसतो: ६,००,००० आणि ५,३४,०००. विकलेल्या मालातून जेवढे कमी झाले तेवढे गोदामातल्या मालावर चढले आहे. नफा जास्त दिसतो तेव्हा तो गोदामात उभा असतो, हे या दोन आकड्यांकडे बघूनच कळते.

इथे एक शंका हमखास येते. प्रत्यक्षात कोणते डबे बाहेर गेले हे गोदामात जाऊन बघता येत नाही का? बघता येते, पण त्याचा हिशेबाशी संबंध नसतो. गोदामात नवी गाडी उतरली की डबे दाराजवळ थप्पी लावून ठेवतात आणि सकाळी टेम्पो भरताना हमाल दाराजवळचीच थप्पी मोडतो. जुने डबे मागच्या भिंतीला तसेच राहतात. शिस्तीचा मालक मुदतीची तारीख बघून जुने डबे पुढे ओढायला लावतो, कारण मुदत संपत आलेला डबा दुकानदार घेत नाही. ती मालाची निगा झाली. हिशेबातला फिफो हा खर्चाच्या क्रमाबद्दलचा समज आहे. हमालाने कोणता डबा उचलला त्यावर तो अवलंबून नाही. तेल टाकीत सुटे असते तेव्हा तर जुने-नवे वेगळे काढताच येत नाही. तिथे सरासरी हा नुसता हिशेबाचा नियम राहत नाही, टाकीतल्या तेलाची ती खरोखरची स्थिती असते.

सरासरीतही दोन प्रकार आहेत आणि संगणकावर हिशेब ठेवणाऱ्याला हा फरक माहीत असायला हवा. वर काढलेली सरासरी सगळा काळ संपल्यावर एकदम काढलेली होती. त्यात एक विचित्र गोष्ट घडली. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात विकलेल्या २०० डब्यांवरही आपण १,७८० चा खर्च टाकला. त्या दिवशी गोदामात १,६०० खेरीज दुसऱ्या भावाचा एकही डबा नव्हता. पुढे ऑक्टोबरात आलेल्या महाग मालाने सप्टेंबरातली विक्री मागे जाऊन महाग केली.

हे टाळायचे तर प्रत्येक खरेदीनंतर सरासरी नव्याने काढायची. तिला चलती सरासरी म्हणू. पहिले २०० डबे १,६०० नेच जातात, खर्च ३,२०,०००. उरलेल्या २०० मध्ये १,८०० चे ३०० मिळाले की ५०० डब्यांची किंमत ८,६०,००० होते आणि दर १,७२०. त्या दराने ३०० गेले, खर्च ५,१६,०००. उरलेल्या २०० मध्ये २,००० चे ३०० मिळाले की ५०० डब्यांची किंमत ९,४४,०००, दर १,८८८. त्या दराने २०० गेले, खर्च ३,७७,६००. एकूण विकलेल्या मालाची किंमत १२,१३,६००, साठा ५,६६,४००, नफा ८६,४००. आकडा दोघांच्या मधे पडला. फिफोचे तसे होत नाही. तो रोजच्या रोज मोजा की वर्षाअखेरीस एकदा मोजा, उत्तर तेच येते, कारण रांगेचा क्रम मागाहून आलेल्या मालाने बदलत नाही.

म्हणून ‘आम्ही सरासरीने धरतो’ एवढे सांगणे पुरेसे नाही. कोणती सरासरी हे विचारले पाहिजे. आपल्याकडे बहुतेक दुकानांत टॅली असते आणि त्यात नव्या वस्तूची नोंद करताना मूल्यांकनाची पद्धत आपोआप `Avg. Cost` अशी लागते. `FIFO` हवी असेल तर ती मुद्दाम निवडावी लागते. कित्येक मालकांना आपल्याकडे कोणती पद्धत आहे हे ठाऊकच नसते, कारण ती त्यांनी कधी निवडलेलीच नसते. एका गटातल्या काही वस्तूंना एक आणि काहींना दुसरी पद्धत लागलेली असते, असेही घडते. मागच्या तारखेचे खरेदी बिल उशिरा चढवले तर त्यानंतरचे सगळे दर हलतात, आणि काल छापलेला साठ्याचा अहवाल आज छापलेल्याशी जुळत नाही. असे झाले की आधी संगणकाला दोष दिला जातो. बहुधा कारण एखाद्या उशिरा आलेल्या बिलात किंवा भावफरकाच्या क्रेडिट नोटमध्ये असते.

आता फिफोच्या १,२०,००० नफ्याकडे जरा जवळून बघू, कारण माझ्या मते या विषयातले सगळ्यात कामाचे ज्ञान इथे आहे. त्या नफ्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पहिले २०० डबे १,६०० चे होते आणि १,६५० ला गेले. डब्यामागे ५० रुपये, म्हणजे १०,०००. दुसऱ्या वेळी ३०० डबे १,८६० ला गेले तेव्हा बाजारात नवा डबा १,८०० ला पडत होता. डब्यामागे ६० रुपये, म्हणजे १८,०००. तिसऱ्या वेळी २०० डबे २,०६० ला गेले, नवा डबा २,००० ला होता. पुन्हा ६० रुपये, म्हणजे १२,०००. अशी व्यापारातली खरी कमाई झाली ४०,०००. मग उरलेले ८०,००० कुठून आले? दुसऱ्या खेपेत विकलेल्यांपैकी २०० डबे १,६०० चे होते आणि बाजार १,८०० झाला होता, तिथे ४०,०००. तिसऱ्या खेपेतले २०० डबे १,८०० चे होते आणि बाजार २,००० झाला होता, तिथे आणखी ४०,०००. हा भाववाढीने हाती लागलेला नफा. तो विकण्याच्या कसबातून आलेला नाही. शुल्क वाढले त्या दिवशी माल गोदामात होता म्हणून आला.

हा नफा खोटा नाही. पण तो मोकळाही नाही. या व्यापाऱ्याला पुन्हा ४०० डबे गोदामात ठेवायचे असतील तर पूर्वी त्याला ६,४०,००० लागत होते, आता २,००० च्या भावाने ८,००,००० लागतील. तेवढ्याच डब्यांसाठी १,६०,००० जास्त. फिफोने दाखवलेला सगळा १,२०,००० नफा परत मालात घातला तरी ते पुरत नाहीत. तेजीच्या वर्षी वहीत भरघोस नफा आणि बँक खात्यात खडखडाट, ही तक्रार व्यापाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. तिचे उत्तर इथे आहे. पैसा कोणी नेला नाही, तो डब्यांच्या वाढलेल्या भावात अडकला. अशा वर्षी नफ्याचा आकडा बघून ज्याने घरखर्चासाठी मोठी उचल केली, त्याला पुढचा माल उधारीवर आणावा लागतो.

तेजीत असा फुगवटा आला आहे का, हे ओळखायला फार खटपट लागत नाही. ढोबळ नफ्याचे विक्रीशी प्रमाण बघायचे. आपल्या व्यापाऱ्याची खरी कमाई विक्रीच्या ३.१ टक्के आहे. फिफोने हे प्रमाण ९.२ टक्के दिसते, वर्षाअखेरच्या सरासरीने ४.२ आणि चलत्या सरासरीने ६.६. डब्यामागे आपण ५०-६० रुपयेच सोडवत होतो हे मालकाला पक्के माहीत असते. मग प्रमाण तिप्पट झाले तर ते व्यापाराने झालेले नाही, साठ्याने झाले आहे. सरासरीतही हा फुगवटा असतो, कमी असतो इतकेच. भाववाढ एकदम झाली आणि माल भराभर फिरत असला तर दोन्ही रीतींतला फरक थोडा राहतो. माल महिनोन् महिने पडून राहत असला तर तो वाढत जातो.

इथे साहजिकच वाटेल की तेजीत कर वाचवायला सरासरी धरावी आणि मंदीत फिफो. ३१ मार्चला हीच स्थिती असती तर ६६,००० च्या फरकावर ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा सुमारे २० हजारांचा कर इकडे-तिकडे झाला असता. पण तशी मुभा नाही. धरलेली पद्धत वर्षानुवर्षे तीच ठेवावी लागते. ती बदलायची तर सबळ कारण लागते, आणि बदलामुळे नफ्यात किती फरक पडला ते हिशेबात उघड करावे लागते. ज्यांचे कर-लेखापरीक्षण होते त्यांच्या अहवालात, फॉर्म ३सीडीच्या १४ व्या कलमात, अखेरच्या साठ्याचे मूल्य कोणत्या पद्धतीने धरले हे लिहावेच लागते. मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवला की बदल लपत नाही.

शिवाय बदलून मिळते ते थोडेच. पुढच्या हंगामात काय होते बघा. समजा व्यापाऱ्याने नवा माल न घेता उरलेले ३०० डबे विकून टाकले. फिफोच्या वहीत त्या डब्यांवर ६,००,००० खर्च पडेल, सरासरीच्या वहीत ५,३४,०००. पहिल्या काळात ज्याने ६६,००० जास्त नफा दाखवला तोच आता ६६,००० कमी दाखवील. दोन्ही काळ मिळून विकलेल्या मालाची किंमत दोघांचीही १७,८०,०००. एका काळाचा अखेरचा साठा हाच पुढच्या काळाचा सुरुवातीचा साठा असतो, म्हणून हे घडते. जोवर गोदामात माल आहे आणि भाव चढते आहेत तोवर हा फरक पुढे ढकलला जातो. माल संपला की तो फिटतो. पद्धत नफा निर्माण करत नाही, तो कोणत्या वर्षी वर यायचा एवढे ठरवते.

तिसरीही एक रीत आहे, शेवटी आलेला माल आधी गेला असे धरण्याची, लिफो. आपल्या उदाहरणात ती लावून बघितली की तिच्याबद्दलचा वाद लगेच समजतो. काळ संपल्यावर मोजले तर गेलेल्या ७०० डब्यांत २,००० चे ३००, १,८०० चे ३०० आणि १,६०० चे १०० येतात. विकलेल्या मालाची किंमत १३,००,०००, विक्रीही १३,००,०००. नफा शून्य! आणि ताळेबंदात साठा उभा राहतो १,६०० च्या भावाने, जो भाव बाजारात कधीच मागे पडला. अमेरिकेत ही रीत आजही चालते. भारतात सनदी लेखापालांच्या संस्थेने १९९९ मध्ये साठ्याविषयीचे दुसरे लेखामानक सुधारले तेव्हा ती वगळली. आंतरराष्ट्रीय मानकातूनही ती गेली आहे. आपल्याकडे एकसारख्या, अदलाबदल होणाऱ्या मालासाठी आता फिफो आणि भारित सरासरी याच दोन वाटा आहेत, आणि आयकराच्या मूल्यांकन मानकातही याच दोन मुख्य आहेत.

दोन्ही वाटांवर एक राखणदार बसवलेला आहे. साठ्याची किंमत खरेदीचा खर्च किंवा विकून हाती येऊ शकणारी निव्वळ रक्कम, यांपैकी जी कमी तीच धरायची. भाव उतरतात तेव्हा या नियमाचे काम सुरू होते. खाद्यतेलात तो दिवसही आला: मे २०२५ च्या अखेरीस सरकारने कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले आणि एकूण भार २७.५ वरून १६.५ टक्के झाला. समजा आपल्या व्यापाऱ्याकडे ते ३०० डबे तसेच पडून आहेत, भाव कोसळला आहे आणि विक्रीचा खर्च जाता डब्यामागे १,७०० च हाती येतील असे दिसते. फिफोच्या वहीत डबा २,००० चा आहे, तिथे डब्यामागे ३०० प्रमाणे ९०,००० चा तोटा त्याच वर्षी लिहावा लागेल. सरासरीच्या वहीत तो १,७८० चा आहे, तिथे ८० प्रमाणे २४,०००. दोन्ही वह्यांत साठा ५,१०,००० वर येऊन थांबेल आणि ६६,००० चा फरक माल विकण्याआधीच मिटेल. मंदी आली की फिफोचा फुगवटा एका फटक्यात उतरतो, तो असा.

भाव चढला असता तर मात्र साठा वर न्यायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये, चांदीच्या साठ्यावरून निघालेल्या चैनरूप संपतराम खटल्यात, हे फार स्वच्छ मांडले होते. अखेरचा साठा जमेच्या बाजूला लिहितात तो नफा मिळवण्यासाठी नव्हे. न विकलेल्या मालाची जी खरेदी आधीच नावे पडलेली आहे तिचा तोल साधण्यासाठी तो लिहितात. साठ्यातून नफा होत नाही, विक्रीतून होतो.

प्रत्यक्ष दुकानांत चूक होते ती बहुधा फिफो की सरासरी या निवडीत नव्हे. माझ्या पाहण्यात दोन चुका पुन्हा पुन्हा येतात. पहिली म्हणजे शेवटच्या बिलाचा दर सगळ्या साठ्याला लावणे आणि त्यालाच फिफो म्हणणे. आपल्या उदाहरणात ३०० डबे उरले आणि शेवटची खरेदीही नेमकी ३०० ची होती म्हणून ते खपून गेले असते. ४५० डबे उरले असते तर त्यातले ३०० च २,००० चे, बाकीचे १५० आधीच्या, १,८०० च्या खरेदीतले. खरी किंमत ८,७०,०००. सगळ्यांना २,००० लावले तर ९,००,००० येते, म्हणजे ३०,००० चा नफा हवेतून आला. साठ्याच्या यादीत ज्या वस्तूचे नग शेवटच्या बिलातल्या नगांपेक्षा जास्त आहेत तिथे बोट ठेवले की ही चूक सापडते. गाडीभाडे धरायचे विसरणे आणि कंपनीकडून मागाहून आलेला भावफरक त्या खेपेच्या किमतीतून वजा न करणे या तिच्याच बहिणी.

दुसरी चूक खोल आहे. वर्षाअखेरीस एकदाच हिशेब करणारे दुकान विकलेल्या मालाची किंमत कधी मोजतच नाही. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, त्यातून अखेरचा साठा वजा, उरले ते ‘विकलेले’. पण जे उरले ते खरोखर विकलेच गेले कशावरून? दहा डबे गळून वाया गेले असतील, चार कोणी परस्पर नेले असतील, एक बिल चढवायचे राहिले असेल. हे सगळे त्या एका आकड्यात गडप होते आणि बेरीज तरीही बिनचूक जुळते, कारण ती जुळेल अशीच मांडलेली आहे. सरासरीने मोजलेल्या वहीत दहा गळके डबे म्हणजे १७,८०० रुपये. ते विकलेल्या मालाच्या किमतीत मिसळून जातात आणि मालकाला वाटते यंदा नफा कमी सुटला. यावर इलाज एकच, डब्यांचा हिशेब रुपयांपासून वेगळा ठेवणे. आवक-जावक वहीप्रमाणे किती डबे असायला हवेत आणि थप्प्या मोजल्यावर किती भरले, हे आधी जुळवायचे, घट वेगळी लिहायची आणि मगच दर लावायचा.

बँकेकडे हा साठा पुन्हा एकदा भेटतो. कॅश क्रेडिट घेणाऱ्या व्यापाऱ्याला साठ्याचे पत्रक द्यावे लागते आणि किती उचल करता येईल हे त्यावरून ठरते. बँक २५ टक्के मार्जिन ठेवते असे धरले आणि उधारीचा माल नाही असे मानले, तर फिफोच्या ६,००,००० साठ्यावर ४,५०,००० उचलता येतील, सरासरीच्या ५,३४,००० वर ४,००,५००. म्हणून काही जण वहीत सरासरी ठेवतात आणि बँकेला चालू बाजारभावाने साठा दाखवतात. वर्षाअखेरीस लेखापरीक्षित ताळेबंद बँकेत जातो, मार्चचे साठापत्रक त्याच्या शेजारी ठेवले जाते आणि दोन आकडे जुळत नाहीत. मग खुलासे मागवले जातात. पत्रकातही वहीतलीच पद्धत लावावी हे इथे सगळ्यात सुरक्षित.

मग यातली कोणती पद्धत चांगली? मालावर अवलंबून आहे, पण माझे मत आहे आणि ते सांगतो. औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडे प्रत्येक खोक्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते, माल खरोखरच क्रमाने बाहेर काढला जातो. तिथे फिफो शोभतो आणि साठ्याची किंमतही ताज्या भावाजवळ राहते. तेल, साखर, डाळ यांसारख्या, एका अधिसूचनेने भाव हलणाऱ्या आणि गोदामात एकमेकांत मिसळणाऱ्या मालाला मी चलती सरासरी पसंत करीन. ती शेवटच्या भावाचा धक्का एकदम नफ्यावर येऊ देत नाही आणि उद्याच्या महाग खरेदीने कालची विक्रीही महाग करत नाही. मात्र विक्रीचा भाव ठरवताना या दोन्हींपैकी एकही आकडा समोर ठेवू नये. तिथे आज डबा भरून आणायला किती लागतील हा तिसराच आकडा लागतो. तो कोणत्याही वहीत नसतो, तेलगिरणीला फोन करून विचारावा लागतो.

२०२४ च्या सणात सरकारने जे सांगितले ते या तिसऱ्या आकड्याच्या विरुद्ध होते: जुना साठा जुन्या खर्चाने मोजा, क्रमाने संपवा आणि नवा भाव नव्या मालालाच लावा. गिऱ्हाइकाच्या बाजूने ही मागणी रास्त होती, कारण ८०,००० चा तो भाववाढीचा नफा शेवटी त्याच्याच खिशातून आलेला असतो. पण ती पुरती पाळणाऱ्या व्यापाऱ्याचे काय होते तेही मांडून बघावे. दुसऱ्या खेपेतले १,६०० चे २०० डबे त्याने १,६६० ला सोडले असते तर हाती आलेल्या ३,३२,००० मध्ये नव्या भावाचे जेमतेम १८४ डबे आले असते. सोळा डब्यांची जागा गोदामात रिकामी राहिली असती, किंवा तेवढ्यासाठी कर्ज काढावे लागले असते.